पोस्टरवरचे अकरा मिलिमीटर

व्यासपीठावरून शोधनिबंध वाचला की प्रश्नांसाठी पाच मिनिटे मिळतात आणि प्रश्न फारच अडचणीचा निघाला, तर वेळ संपल्याचे सांगून अध्यक्ष वक्त्याची सुटका करतात. पोस्टरसमोर अशी सुटका नसते. विचारणारा हातभर अंतरावर उभा असतो, त्याचे बोट तुमच्याच आकृतीवर टेकलेले असते आणि समाधान होईपर्यंत तो हलला नाही, तर तुम्हालाही हलता येत नाही. मी पहिल्यांदा पोस्टर मांडले तेव्हा नव्वद मिनिटे अशीच उभी होते. त्या नव्वद मिनिटांत माझ्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष माझ्या डोळ्यांसमोर कसा सैल होत गेला, याचा हा वृत्तान्त आहे.

आधी अभ्यास काय होता ते सांगते, कारण पुढचे सगळे प्रश्न त्याच्या रचनेतूनच उगवले. रक्तदाबाची गोळी आधीपासून सुरू असलेल्या, पण ती नियमित घेत नसाव्यात अशी शंका असलेल्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा फोन करून गोळीची आठवण द्यायची आणि तीन महिन्यांनी रक्तदाब पुन्हा मोजायचा, असा तो बेत होता. त्यासाठी आम्ही आधी गोळी सुरू असलेल्या १,५८८ जणांचा रक्तदाब एकेकदा मोजला. त्यांच्या वरच्या आकड्याची सरासरी १३० आली. ज्यांचा वरचा आकडा १५० किंवा त्याहून जास्त होता, असे २१२ जण आम्ही निवडले. त्यांची सुरुवातीची सरासरी १५९ होती आणि तीन महिन्यांच्या फोननंतर ती १४८ झाली. पोस्टरच्या मधोमध दोन जाड स्तंभ, त्यांच्यामध्ये खाली झुकलेला बाण, बाणावर '११ मिलिमीटर घट' ही अक्षरे आणि त्याखाली p < 0.001 असे लिहिले होते. ए-झिरो आकाराच्या त्या कागदावर दहा फुटांवरून वाचता येईल असे तेवढेच होते, आणि ते मी मुद्दाम तसे केले होते.

तयारी केली नव्हती असे नाही. दोन मिनिटांचे निवेदन पाठ होते आणि संभाव्य प्रश्नांची एक यादीही केली होती. ती यादी नंतर पाहिली, तेव्हा तिच्यातला दोष लक्षात आला: ज्यांची उत्तरे मला आधीच येत होती, तेच प्रश्न मी तिच्यात लिहिले होते. दंडाच्या जाडीप्रमाणे पट्टा बदलला होता का, मोजण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे बसवले होते का, फोन कोणी केले, रुग्णाने फोन उचलला नाही तर काय केले, अशा पंधरा प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे सज्ज होती. पहिल्या अर्ध्या तासात यांतले सहा-सात प्रश्न खरोखरच आले. पट्ट्याचा प्रश्न विचारणाऱ्या बाई स्वतः रोज रक्तदाब मोजणाऱ्या असाव्यात, कारण दंडाच्या मानाने पट्टा लहान पडला की आकडा फुगतो हे त्यांनी माझ्या आधीच सांगितले. आम्ही तीन मापांचे पट्टे वापरल्याचे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि त्या पुढे गेल्या. माझा धीर वाढत होता.

पहिला धक्का एका विद्यार्थ्याने दिला आणि तोही अगदी निरागसपणे. तो बराच वेळ न बोलता पोस्टर वाचत होता. मी निवेदन सुरू करणार, तोच त्याने दोन्ही स्तंभांखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाला, "इथे २१२ लिहिलंय आणि तिथे १४८. हे असं का?"

मी म्हटले, "तीन महिन्यांनी सगळे परत आले नाहीत. चौसष्ट जण आले नाहीत."

"हो, पण मग डावीकडच्या १५९ मध्ये ते चौसष्ट आहेत ना?"

"आहेत."

"आणि उजवीकडच्या १४८ मध्ये नाहीत. मग ही वजाबाकी कोणाची?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. सांख्यिकीच्या पुस्तकातला तो नव्हताच, तो प्राथमिक शाळेतल्या वजाबाकीचा होता. p ज्या चाचणीतून आले होते ती परत आलेल्या १४८ जणांच्या जोड्यांवरच, म्हणजे प्रत्येकाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यावर केलेली होती; पण आकृती काढताना मी पहिल्या तक्त्यातून २१२ जणांची सरासरी उचलली होती आणि तिच्यातून १४८ जणांची सरासरी वजा केली होती. चाचणी एका गटाची आणि बाण दुसऱ्याच गटाचा, असा तो घोळ होता. सारांश लिहितानाही तोच ११ चा आकडा गेला होता आणि तो परिषदेच्या सारांशपुस्तिकेत छापून झाला होता. चार सहलेखकांनी तो वाचला होता आणि मी तर कितीदा वाचला असेल याची गणतीच नाही.

माझ्या तोंडी पहिले वाक्य आले ते असे, की फरक फारसा पडणार नाही. ते मी बोललेही. त्यावर त्याने "किती पडेल?" एवढेच विचारले. मला ते माहीत नव्हते, म्हणजे फरक फारसा पडणार नाही हे मी कशाच्याही आधाराशिवाय म्हटले होते. मग त्याला थांबायला सांगून पिशवीतला लॅपटॉप काढला आणि परत आलेल्या १४८ जणांची सुरुवातीची सरासरी पाहिली. ती १५८ होती. घट ११ नव्हे, १० होती. न आलेल्या ६४ जणांची सुरुवातीची सरासरी १६१ होती, म्हणजे ज्यांचा रक्तदाब जरा जास्त होता तेच अधिक गळाले होते. मी पेन्सिलीने १५९ वर रेघ मारून १५८ लिहिले आणि बाणावरच्या ११ शेजारी १० लिहिले. नव्या कोऱ्या पोस्टरवर पेन्सिल चालवताना हात अडखळला. पण ती खोडाखोड पाहून पुढचा प्रत्येक जण आपण होऊन तिथेच थांबला आणि संभाषणे निवेदनापासून सुरू होण्याऐवजी थेट आकड्यांपासून सुरू होऊ लागली.

त्या खोडाखोडीजवळच त्या मॅडम थांबल्या. त्यांचा बिल्ला उलटा झाला होता, त्यामुळे नाव किंवा संस्था काही दिसले नाही, आणि नंतर विचारायचे राहून गेले. त्यांनी निवेदन पूर्ण ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, "निवड करताना रक्तदाब किती वेळा मोजला होता?"

"एकदा," मी म्हटले.

"आणि त्या एका मोजणीवरूनच १५० च्या वरचे घेतले?"

"हो."

"कंट्रोल ग्रुप नाही."

या वाक्याची मी वाटच पाहत होते. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांच्यातल्या निम्म्यांना आठवण द्यायची आणि निम्म्यांना द्यायची नाही, हे आम्हाला नैतिकदृष्ट्या योग्य वाटले नाही, हे उत्तर पाठ होते. ते मी दिले. मॅडमनी त्यावर वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "निम्म्यांचे फोन तीन महिने उशिरा सुरू केले असते तर कोणीच वंचित राहिलं नसतं. आणि फोनचा उपयोग होतो की नाही हेच अजून ठरायचं आहे, मग न दिल्याने नुकसान झालं असतं हे आधीच कसं धरायचं?" आम्ही जे नैतिक कारण म्हणून पुढे करत होतो, त्यात सोयीचा भाग किती मोठा होता, हे त्या क्षणी मला कळले. दोन गट केले असते तर दोन याद्या सांभाळाव्या लागल्या असत्या, ही बैठकीतली खरी चर्चा होती.

मग त्यांनी मूळ मुद्दा मांडला. माणसाचा रक्तदाब स्थिर नसतो. एका मोजणीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्या माणसाचा नेहमीचा रक्तदाब आणि त्या दिवसाचा चढउतार. १५० ची रेघ मारून तिच्या वरचे सगळे उचलले, की त्यांत खरोखर जास्त रक्तदाब असलेले येतात, आणि नेहमीचा आकडा १४० च्या आसपास असूनही त्या दिवशी वर गेलेलेही येतात. याउलट, नेहमीचा आकडा १५५ असूनही त्या दिवशी खाली असलेले बाहेर राहतात. म्हणजे निवडलेल्या गटात त्या दिवशीचा चढउतार सरासरीने वरच्या बाजूला झुकलेला असतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजताना तो झुकाव उरण्याचे काही कारण नसते. त्यामुळे फोन केला नाही, गोळी बदलली नाही, काहीही केले नाही, तरी गटाची सरासरी खाली येते. सरासरीकडे परतणे म्हणतात ते हेच. उंच आईवडिलांची मुले सामान्यांपेक्षा उंच असली तरी सरासरीने आईवडिलांइतकी उंच नसतात, हे फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आकडेवारीसह मांडले होते. तो भाग मी परीक्षेसाठी वाचलेला होता. आपल्या रक्तदाबाच्या तक्त्याशी त्याचा काही संबंध आहे, हे मात्र मला कधी सुचले नाही.

मी बचाव केला, आणि तो चुकीचा होता. मी p कडे बोट दाखवून म्हटले, "पण एवढी घट योगायोगाने येण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी आहे." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घट खरी आहे, हे मला मान्यच आहे. ती फोनमुळे आली का, एवढंच मी विचारते आहे. या आकड्याला ते माहीत नाही." चाचणीने तपासले होते ते इतकेच, की या १४८ जणांत सरासरी फरक शून्य असताना १० ची घट दिसली असती का. पण आम्ही गट ज्या रीतीने निवडला होता, तिच्यात काहीही न करता अपेक्षित फरक मुळात शून्य नव्हताच. शून्याशी केलेली तुलनाच चुकीची होती.

"किती घट आपोआप आली असती, याचा अंदाज काढता येईल का?" हा प्रश्न त्या दुपारी मी विचारलेला पहिला खरा प्रश्न होता. तोवर मी फक्त उत्तरे देत होते.

त्या म्हणाल्या, "तुमच्याच पोस्टरवर आहे ना!" आणि त्यांनी 'पद्धती' या चौकटीतल्या एका ओळीवर बोट ठेवले. मुख्य अभ्यासाआधी आम्ही ४० जणांवर पूर्वतयारीची मोजणी केली होती. त्यांत रक्तदाबावरून कोणालाही निवडलेले किंवा वगळलेले नव्हते, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने त्यांचा रक्तदाब दोनदा मोजला होता. दोन्ही मोजण्यांतला सहसंबंध ०.७ होता. आमची यंत्रे आणि मोजणारी माणसे विश्वासार्ह आहेत याचा पुरावा म्हणून मी तो आकडा मोठ्या हौसेने लिहिला होता. मॅडमनी माझ्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या:

```
158 - 130 = 28
130 + (0.7 × 28) = 149.6
```

हिशेब एवढाच होता. निवडलेला गट सर्वांच्या सरासरीपेक्षा २८ ने वर आहे. दुसऱ्या मोजणीत त्या अंतरातले सुमारे सात-दशांश टिकते आणि तीन-दशांश गळून पडते. म्हणजे काहीही न करता हा गट १५८ वरून साधारण १४९.६ वर यायला हवा. तेवढीच घट ८.४ होते. आम्हाला दिसली ती १०. फोनच्या वाट्याला उरले दीड मिलिमीटर आणि वर थोडे. दहा फुटांवरून वाचता येणाऱ्या बाणाचा बहुतेक भाग, जवळ गेल्याशिवाय न दिसणाऱ्या एका ओळीने खाऊन टाकला होता, आणि ती ओळही मीच लिहिलेली होती.

जाता जाता त्यांनी एक पडताळणी सुचवली. त्या ४० जणांत पहिल्या मोजणीत सर्वांत कमी आकडा आलेले दहा जण घ्या आणि दुसऱ्या मोजणीत त्यांचे काय झाले ते पाहा, असे त्या म्हणाल्या. "वरच्यांचं खाली येणं लोकांना उपचाराचा गुण वाटतो. खालच्यांचं वर जाणं दाखवलं की पटतं." त्यांनी धन्यवादही ऐकून घेतले नाहीत, शेजारच्या फलकाकडे वळल्यासुद्धा.

एकदा असा वर्मी घाव बसला की पुढचा प्रत्येक घाव बरोबरच आहे असे वाटू लागते, याचा अनुभव मला पुढच्या पाच मिनिटांत आला. एक गृहस्थ आले, त्यांनी आकडे पाहिले आणि जाहीर केले, "नमुना फारच लहान आहे. यावरून काहीच म्हणता येणार नाही." मी मुकाट्याने मान्य केले: हो सर, नमुना लहान आहे, पुढच्या वेळी मोठा घेऊ. ते समाधानाने निघून गेले आणि मला लगेच जाणवले, की मी आत्ता एक चुकीचे उत्तर दिले आहे. रक्तदाब उतरला का, या प्रश्नासाठी १४८ जण पुरेसे होते. प्रत्येकाच्या घटीतला विखुरलेपणा लक्षात घेतला तरी सरासरी घट साधारण पावणेआठ ते सव्वाबारा यांच्या दरम्यान बसत होती. आमचा दोष नमुन्याच्या आकाराचा नव्हता, निवडीच्या रीतीचा होता. त्याच रीतीने दहा हजार माणसे घेतली असती, तर तीच आपोआप येणारी घट अधिक नेमकेपणाने मोजून मिळाली असती. मात्र दुसऱ्या एका अर्थाने ते गृहस्थ, कदाचित नकळत, बरोबर होते. आता प्रश्न बदलला होता. घट शून्यापेक्षा जास्त आहे का, हे विचारायचे नव्हते, ती ८.४ पेक्षा जास्त आहे का, हे विचारायचे होते. ८.४ हा आकडा तर त्याच पावणेआठ ते सव्वाबाराच्या पट्ट्यात बसत होता. दीड मिलिमीटरचा फरक ओळखायला १४८ जण खरोखरच अपुरे होते. हे सगळे त्यांना सांगायला हवे होते. मी रांगेच्या टोकापर्यंत त्यांना शोधलेही, पण ते दिसले नाहीत.

त्यानंतर एक जण प्रश्न म्हणून स्वतःच्या अभ्यासाची हकिकत सांगून गेले. ती बारा मिनिटे चालली आणि तिच्यात मला उत्तर द्यावे असे काही नव्हते. पोस्टरसमोर असे लोक येतात आणि त्यांचे बोलणे तोडणे मला अजूनही जमत नाही.

शेवटच्या वीस मिनिटांत मी निवेदनच बदलले. कोणी थांबले की मी आधी सांगायची, की बाणावरची घट ११ नव्हे, १० आहे, आणि तिच्यातला मोठा भाग निवडीच्या रीतीमुळे आपोआप आलेला असू शकतो. मग पत्रकाच्या मागच्या त्या दोन ओळी दाखवायची. माझी अपेक्षा अशी होती की हे ऐकून लोक पाठ फिरवतील. उलट याच वीस मिनिटांत सर्वांत उपयोगी बोलणे झाले. एका तरुण डॉक्टरांनी विचारले, की गोळी घेण्याचे प्रमाण वाढले का, ते थेट मोजले आहे का. ते आम्ही फक्त रुग्णांना विचारून नोंदवले होते, आणि ज्यांना आठवड्यातून दोनदा फोन जातो ते फोन करणाऱ्यालाच गोळी चुकवल्याचे सांगतील अशी आशा करणे भाबडेपणाचे होते, असे मी सांगितले. दुसऱ्या कोणी तरी विचारले, की न आलेल्या ६४ जणांना तेच फोन करणारे लोक शोधू शकले नाहीत का. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. फोन नंबर होते, फोन करणारी माणसे होती, आणि तीन महिन्यांनी "तपासणीला का आला नाहीत" हे विचारायला एकही फोन गेला नव्हता. मी "नाही केला, आणि करायला हवा होता" एवढेच म्हटले. अकरा मिलिमीटरचा बचाव करण्यापेक्षा ते वाक्य बोलायला पुष्कळ कमी श्रम लागले.

त्या रात्री मी चाळीस जणांची जुनी फाइल उघडली. पहिल्या मोजणीत सर्वांत खालच्या दहा जणांची सरासरी दोन आठवड्यांनी ७ मिलिमीटरने वर गेली होती आणि सर्वांत वरच्या दहा जणांची ६ ने खाली आली होती. यांतल्या कोणालाही फोन गेलेला नव्हता. खालच्या दहा जणांना आम्ही त्या पंधरवड्यात फोन केले असते, तर फोनमुळे रक्तदाब वाढतो असे पोस्टर मला काढता आले असते.

पण रात्री मी दुसऱ्या टोकालाही गेले. सहलेखकांना लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात मी 'फोनचा काही उपयोग झाला नाही' असे वाक्य टाकले होते, आणि पाठवण्यापूर्वी तेही तपासून पाहिले. ०.७ हा सहसंबंध अवघ्या चाळीस जणांवरून काढलेला होता. एवढ्या लहान गटात खरा आकडा ०.५ ते ०.८३ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तो ०.८३ धरला, तर आपोआप येणारी घट पावणेपाच मिलिमीटरच निघते आणि फोनच्या वाट्याला पाचाहून अधिक उरतात, ०.५ धरला, तर आपोआपच १४ ची घट यायला हवी होती आणि फोन असूनही ती १० वर थांबली असे म्हणावे लागते. शिवाय त्या चाळीस जणांच्या मोजण्यांत दोन आठवड्यांचे अंतर होते आणि मुख्य अभ्यासात तीन महिन्यांचे. अंतर वाढले की सहसंबंध सहसा उतरतो. म्हणजे त्या दोन ओळींच्या हिशेबाने आमचा दावा मोडला होता, पण उलट दावा सिद्ध केला नव्हता. मी ते वाक्य खोडून 'या रचनेतून फोनचा परिणाम वेगळा काढता येत नाही' असे लिहिले. एका सहलेखकाला ते फार बोटचेपे वाटले आणि दुसऱ्याला फार कठोर. मग ते तसेच ठेवले.

पुढच्या टप्प्याचा आराखडा आम्ही त्यानंतर दोन महिन्यांनी बदलला. आता निवडीसाठी एक मोजणी आणि सुरुवातीचा आकडा म्हणून एका आठवड्यानंतरची वेगळी मोजणी घेतली जाते, म्हणजे निवडीच्या दिवशीचा वर झुकलेला चढउतार तुलनेत शिरत नाही. निम्म्यांचे फोन लगेच सुरू होतात आणि निम्म्यांचे तीन महिन्यांनी. कोणाचे कधी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. रक्तदाब मोजणाऱ्याला कोणता रुग्ण कोणत्या गटातला आहे हे सांगितले जात नाही. न येणाऱ्यांना शोधण्यासाठी वेगळी वही ठेवली आहे. दुसऱ्या मोजणीला आलेल्या पहिल्या साठ जणांत घट दिसली ती फोन सुरू होण्यापूर्वीच, नुसत्या एका आठवड्यात. त्या तक्त्याची प्रत मी जुन्या पोस्टरच्या गुंडाळीतच ठेवली आहे.

सारांशपुस्तिकेतला ११ चा आकडा मात्र बदलता येत नाही, तो छापलेला आहे. अधूनमधून कोणी तरी तो वाचून मूळ पोस्टरची प्रत मागते. मी पोस्टर पाठवते आणि सोबत त्या पत्रकाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र जोडते, ज्यावर मॅडमच्या अक्षरातल्या दोन ओळी आणि त्यांच्याखाली माझ्या अक्षरात '०.७ हा आकडा चाळीस जणांचा' एवढी टीप आहे.